उजव्या हाताचं पांढरं घर

चष्मेवाल्यांच्या दुकानात दोन प्रकारची माणसं येत. एक ज्यांना दिसत नाही ती, आणि दुसरी ज्यांना दिसतं पण कळत नाही ती. दुसऱ्या प्रकारची माणसं चष्मा घ्यायला येत नसत. ती खिशातून मोबाइल काढत, काउंटरवर ठेवत आणि म्हणत, "जरा बघा हो, आता काय खेळू?"

मोबाइलमध्ये बुद्धिबळाच्या पटाचा फोटो असे. कुणाचा जेवणाच्या टेबलावर काढलेला, कुणाचा गादीवर, कुणाच्या फोटोत अर्ध्या पटावर त्याच्याच डोक्याची सावली. चष्मेवाले वाकून बघत, आणि चाल सांगायच्या आधी त्याला पाच मिनिटं ताटकळत ठेवत. कारण त्यांचा नियम होता: यादी आधी, चाल नंतर. भिंगं ज्या छोट्या पाकिटांतून येतात त्यांतलं एक रिकामं पाकीट घ्यायचं आणि त्यावर एकेक मोहरं कुठल्या घरात आहे ते लिहायचं. पांढऱ्याच्या डाव्या हातापासून उभ्या रांगा ए ते एच, आणि पांढऱ्याकडून आडव्या ओळी एक ते आठ. अकरा मोहरी असतील तर अकरा नोंदी. बारावी सापडली नाही याची खात्री झाली की मगच तोंड उघडायचं.

"अहो, समोर दिसतंय की सगळं," कुणी घायकुतीला येऊन म्हणे.

"दिसतंय ना? मग तुम्हीच खेळा," चष्मेवाले म्हणत, आणि लिहीत राहत.

फोटो वाचणं हे वाटतं तेवढं सोपं काम नाही. फोटो तिरका असला की उंच मोहऱ्याचं डोकं मागच्या घरावर पडतं, म्हणून डोकं बघायचं नाही, पायथा बघायचा. राजाच्या मागे प्यादं दडून बसतं, त्याचा नुसता कान दिसतो. राजाच्या डोक्यावरचं चिन्ह तुटलेलं असलं की तो वजिरासारखा दिसतो. मग त्या बाजूला दुसरा राजा आहे का ते शोधायचं, नसला तर हाच राजा, कारण राजाशिवाय डाव नाही. आणि सगळ्यात आधी विचारायचं, "फोटो कुठल्या बाजूने काढलाय?" पटावर अक्षरं छापलेली नसली की बाजू हीच सगळी भानगड. त्यावरही त्यांचा एक मंत्र होता: "पांढऱ्याच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर. हे चुकलं तर पुढचं सगळं चुकलं." हा मंत्र त्यांनी अर्ध्या मोहल्ल्याला पाठ करायला लावला होता.

हे सगळं ज्यांच्याशी खेळता खेळता अंगात मुरलं, ते त्यांचे जोडीदार म्हणजे ड्रायव्हर. चाळीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला हा माणूस रोज दुपारी चारला दुकानात येई, काउंटरच्या पलीकडे बसे आणि काळी मोहरी घेई. काळीच का, तर म्हणे, "समोरच्याला आधी जाऊ द्यावं, मग त्याची चूक दिसते." डाव तीन-तीन दिवस चाले. संध्याकाळी काउंटर मोकळं करावं लागे म्हणून चष्मेवाले पाकिटावर यादी लिहीत, मोहरी खणात टाकत आणि दुसऱ्या दिवशी यादी बघून मांडत.

ड्रायव्हर त्या यादीला हसत. "तुला कागद लागतो रे. मला रस्ता पाठ असतो."

"पाठ असतो म्हणून तर एकदा बस भलत्याच गावात नेलीस."

"तो रस्ता बंद होता," ड्रायव्हर म्हणत. हे भांडण वीस वर्षं जसंच्या तसं चालू होतं.

तीन आठवड्यांपूर्वी एका संध्याकाळी चष्मेवाल्यांनी आपलं ए रांगेतलं प्यादं पुढे सरकवलं. ड्रायव्हर बराच वेळ हनुवटीला हात लावून बसले, मग उठले. "याला उत्तर आहे. उद्या देतो," म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

चष्मेवाले त्यांना बघायला गेले नाहीत. इथे त्यांना पाठीशी घालण्यात अर्थ नाही. आधी म्हणाले आयसीयूमध्ये कुणाला सोडत नाहीत, ते खरं होतं. मग म्हणाले दुकानात गर्दी आहे, ते खोटं होतं. खरं कारण एवढंच की वीस वर्षं ज्याच्याशी भांडलो तो माणूस आपल्याकडे बघून आपल्याला ओळखणारच नाही, ही भीती त्यांना वाटत होती. त्या संध्याकाळचं पाकीट खणात होतं. तो खण त्यांनी उघडला नव्हता.

आणि मग एका दुपारी ड्रायव्हरांची मुलगी दुकानात आली.

ती आल्याबरोबर चष्मेवाले उभे राहिले आणि आपण गेलो नाही याबद्दल काहीतरी पुटपुटू लागले. तिने ते ऐकूनही घेतलं नाही.

"काका, एक बघून द्याल?" तिने मोबाइल काउंटरवर ठेवला. "बाबांना आता साध्या वॉर्डात आणलंय. बोलता येत नाही. हो की नाही विचारलं तर कधी मान हलवतात, कधी उलटीच हलवतात. डॉक्टर म्हणतात, वाचा गेली म्हणजे समज गेली असं नसतं, पण किती उरलीय ते कळायला वेळ लागेल. दादा म्हणतो, तू उगाच बडबडतेस त्यांच्याशी, त्यांना काही कळत नाही. काल घरून पट नेला. सगळी मोहरी टेबलावर ओतली. त्यांनी डाव्या हाताने काही उचलून ठेवली, बाकीची बाजूला सारली. तासभर लागला. मला बुद्धिबळातलं काही येत नाही. हे काही आहे का, की नुसतं ठेवलंय, एवढं सांगा."

चष्मेवाल्यांना कळलं की आपल्याला काय विचारलं जातंय. बाबा आत आहेत की नाहीत, असं ती विचारत होती.

त्यांनी पाकीट घेतलं. फोटो तिरका होता, वरच्या ट्यूबलाइटची चकाकी मधल्या घरांवर पडली होती, पण पायथे दिसत होते. खालची कड ती पांढऱ्याची, असं धरून त्यांनी नेहमीप्रमाणे लिहायला सुरुवात केली. पांढरा राजा जी-सात. हत्ती डी-दोन. प्यादी डी-एक, जी-सहा, एफ-सात, जी-आठ. काळा राजा बी-सात. हत्ती जी-एक. प्यादी बी-सहा, सी-सात, बी-आठ. अकरा मोहरी.

लिहिता लिहिता त्यांचा जीव खाली खाली जात होता. पांढरं प्यादं पहिल्या ओळीत. प्यादं सुरुवातच दुसऱ्या ओळीतून करतं आणि मागे कधी येत नाही. पहिल्या ओळीत ते असूच शकत नाही. दुसरं पांढरं प्यादं थेट आठव्या ओळीत, म्हणजे पोचून वजीर न होता तसंच उभं. आणि काळं प्यादं काळ्याच्याच मागच्या ओळीत. पहिल्याच धड्याला शिकलेलं पोरही असं मांडणार नाही, आणि हे मांडलं होतं वीस वर्षं रोज पटावर बसलेल्या माणसाने.

त्यांनी यादी पुन्हा एकदा पडताळली. तीच आली.

"काय आहे काका?"

खोटं सांगावं असं त्यांच्या मनात आलं. जिभेवर आलं. पण ज्याला नंबर लागला त्याला नाही लागला म्हणून सांगायचं, हे त्यांनी धंद्यात कधी केलं नव्हतं.

"पोरी," ते म्हणाले, "यात प्यादी अशा घरांत आहेत, जिथे ती असू शकत नाहीत. डाव नाही हा."

तिने मान हलवली आणि म्हणाली, "बरं झालं विचारलं. निदान कळलं तरी." फोटो तिने त्यांच्या मोबाइलवर पाठवून दिला, का ते तिलाही सांगता आलं नसतं, आणि ती वॉर्डात परत गेली. भेटीची वेळ चार ते सहा होती.

चष्मेवाले तसेच बसून राहिले. एखाद्याच्या घरी जाऊन वाईट बातमी सांगावी आणि घरच्या माणसांनी आपल्यालाच पाणी विचारावं, तसं त्यांना लाजल्यासारखं झालं.

तेवढ्यात एक निवृत्त शिक्षिका तावातावाने आत आल्या. त्यांनी नाकावरचा गोल फ्रेमचा चष्मा काढून काउंटरवर आपटला नाही एवढंच.

"परवा नेला हा तुमच्याकडून. पहिला दिवस छान. कालपासून उजव्या डोळ्याला सगळं धुरकट. अक्षराला अक्षराची सावली. नंबर चुकवलात तुम्ही."

नंबर चुकवलात म्हटल्यावर चष्मेवाले जागे झाले. त्यांनी चष्मा नंबर तपासायच्या यंत्राखाली धरला. नंबर बरोबर होता, अगदी कागदावर होता तेवढाच. पण बाईंच्या त्या डोळ्याला तिरपा नंबर होता, आणि असलं भिंग ठरलेल्या कोनातच बसवावं लागतं. फ्रेम गोल, स्क्रू सैल झालेला, पुसताना भिंग आतल्या आत फिरलं होतं. बरोब्बर काटकोनात.

"बाई, नंबर चुकलेला नाही. भिंग पाव फेरा फिरलंय," त्यांनी स्क्रू सैल केला, भिंग फिरवलं, पुन्हा यंत्राखाली धरलं, आवळलं. "घाला आता."

बाईंनी घातला, दारावरची पाटी मोठ्याने वाचली आणि म्हणाल्या, "म्हणजे भिंग चांगलंच होतं?"

"भिंग चांगलंच होतं. फिरलं होतं."

हे बोलले आणि चष्मेवाले स्क्रू-ड्रायव्हर हातात धरून तसेच उभे राहिले. बाई "येते हो" म्हणाल्या तेही त्यांना ऐकू आलं नाही.

त्यांनी मोबाइल उघडला. मोहऱ्यांकडे बघितलंच नाही. फक्त फोटोतल्या पटाचा खालचा उजवा कोपरा बघितला. तिथलं घर काळं होतं.

काळं. ज्या गोष्टीसाठी त्यांनी लोकांची तोंडं बंद केली होती, तीच त्यांनी बघितली नव्हती. आणि फोटो कुठल्या बाजूने काढला हेही विचारलं नव्हतं, वीस वर्षांत पहिल्यांदा. मुलगी पांढऱ्याच्या बाजूलाही नव्हती आणि काळ्याच्याही. ती पलंगाच्या बाजूला उभी होती. पट पाव फेरा फिरलेला होता.

त्यांनी मोबाइल आडवा केला. फोटोने लगेच गिरकी घेतली आणि तो पुन्हा होता तसा सरळ उभा राहिला. त्यांनी मोबाइल उभा केला, फोटो परत फिरला. मग त्यांनी स्वतःची मान आडवी करून पाहिली, तेव्हा मानेतून कळ निघाली. शेवटी "मर तिकडे" म्हणून त्यांनी बिलाच्या कागदामागे चौसष्ट घरं आखली, फोटोत होती तशी मोहरी त्यात भरली, आणि कागद फिरवला. कागद बिचारा फिरवला तेवढाच फिरतो.

पाव फेरा दोन बाजूंना घेता येतो. डावी कड खाली आणली तर पांढऱ्याची तीन प्यादी वजीर व्हायच्या उंबरठ्यावर आणि काळ्याचीही तशीच, असला चमत्कारिक प्रकार होत होता. उजवी कड खाली आणली, तर सगळी शहाण्यासारखी आपापल्या जागी बसली. पांढऱ्याचा राजा आपल्या तीन प्याद्यांजवळ, काळ्याचा आपल्या तीन प्याद्यांजवळ, आणि डावीकडे एक एकटं पांढरं प्यादं पाचव्या ओळीत पुढे निघालेलं.

ते एकटं प्यादं त्यांनी ओळखलं. तीन आठवडे न उघडलेला खण त्यांनी उघडला, वरचं पाकीट काढलं आणि कागदाशेजारी ठेवलं. पाकिटावर त्यांचंच अक्षर होतं. पांढरा: राजा जी-दोन, हत्ती बी-पाच, प्यादी ए-पाच, एफ-दोन, जी-तीन, एच-दोन. काळा: राजा जी-सात, हत्ती डी-दोन, प्यादी एफ-सात, जी-सहा, एच-सात. खेळी काळ्याची.

ते बोट ठेवून एकेक घर जुळवत गेले. राजा जुळला. हत्ती जुळला. पांढरी प्यादी चारही जुळली. काळा राजा, आणि त्याच्यामागे कान दाखवणारं एच-सातचं प्यादं, तेसुद्धा जुळलं. अकरातली दहा जुळली. अकरावा, काळा हत्ती, पाकिटावर डी-दोनला होता आणि फोटोत ए-दोनला.

म्हणजे ड्रायव्हरांनी उद्या देतो म्हटलेलं उत्तर दिलं होतं.

आणि काय उत्तर दिलं होतं! हत्ती बरोबर त्या एकट्या प्याद्याच्या पाठीमागे नेऊन उभा केला होता. आता प्यादं एक घर पुढे टाकलं की ते पांढऱ्या हत्तीच्या आधारातून निसटणार आणि काळा हत्ती ते सरळ खाऊन टाकणार. पांढरा हत्ती पाचवी ओळ सोडून हलला तरी प्यादं जाणार. एका चालीत चष्मेवाल्यांच्या सगळ्या मनसुब्यांना ब्रेक. त्या संध्याकाळी त्यांनी हीच एक चाल गृहीत धरली नव्हती.

चष्मेवाले खुर्चीत बसले आणि रडले. मग हसले. मग दाराला "दहा मिनिटांत येतो" ही पाटी लावली, जी त्या दिवशी दुकान बंद होईपर्यंत तशीच राहिली, आणि पाकीट व कागद खिशात घालून निघाले. वाटेत एकदोघांनी हाक मारली. कुणाला उत्तर दिलं आणि कुणाला नाही, हे त्यांना आठवत नाही.

मुलगी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसली होती. चष्मेवाल्यांना धाप लागली होती, म्हणून त्यांनी बोलायच्या ऐवजी पाकीट आणि कागद तिच्या मांडीवर ठेवले.

"मी चुकलो," धाप ओसरल्यावर ते म्हणाले. "तू पलंगाच्या कुठल्या बाजूला उभी होतीस?"

"उजव्या. त्यांचा उजवा हात धरायला लागतो ना."

"तेच. मी पट आडवा वाचला. हे बघ, हे तीन आठवड्यांपूर्वीचं माझं पाकीट. हा आमचा अर्धवट डाव. त्याने तो जसाच्या तसा मांडलाय, माझी यादी न बघता. आणि नुसता मांडला नाही, पुढची चाल खेळलाय. अशी खेळलाय की माझी बोलती बंद."

तिला घरं कळत नव्हती, पण दहा नोंदींवर बोट ठेवून त्यांनी दहा वेळा "जुळलं" म्हटलेलं तिला कळलं. तिने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, पुन्हा बाहेर काढला, पुन्हा बघितला. मग तोंडावर पदर घेऊन इतक्या मोकळेपणाने रडली की शेजारून जाणारी नर्स थांबली आणि काय झालं विचारू लागली.

"काही नाही, बरं झालंय," चष्मेवाले नर्सला म्हणाले.

ड्रायव्हर पलंगाला टेकून बसले होते. समोर चाकाचं टेबल, त्यावर पट, कालचाच. सकाळी जेवणाचं ताट ठेवायला कुणीतरी तो उचलू लागलं, तर त्यांनी डावा हात आडवा घातला होता म्हणे. सगळ्यांनी तो हट्टीपणात जमा केला होता. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. चष्मेवाले समोर, पांढऱ्याच्या बाजूला, स्टुलावर बसले. ड्रायव्हरांनी त्यांच्याकडे बघितलं. ओळखलं की नाही, हा प्रश्नच उरला नाही, कारण त्या नजरेत स्वच्छ लिहिलं होतं: इतके दिवस कुठे होतास.

"दुकानात गर्दी होती," चष्मेवाले म्हणाले.

ड्रायव्हरांनी 'पुरे' म्हटल्यासारखी नजर फिरवली.

मुलगी हळूच वाकून म्हणाली, "काका, मुद्दाम एखादी चुकीची चाल खेळा ना. बाबा पकडतात का बघू."

"छे," चष्मेवाले म्हणाले. "त्याने खरी चाल खेळलीय. त्याला खरंच उत्तर द्यायला हवं."

ते बराच वेळ पटाकडे बघत बसले. प्यादं पुढे टाकायचा मोह बाजूला ठेवला. हत्तीला जागेवर राहू दिलं. मग राजा उचलला आणि एफ-तीनला ठेवला: एफ-दोनच्या प्याद्यावर त्याची नजर राहील आणि त्या एकट्या प्याद्याकडे निघायला वाटही मिळेल. साधी, घरगुती चाल. ड्रायव्हरांनी ती बघितली. त्यांचा डावा हात हनुवटीकडे गेला, आधी चुकून गालाला लागला, मग हनुवटीवर स्थिरावला. आणि ते विचार करू लागले, पूर्वी करत तसेच, समोरच्याचा अंत बघत.

सहा वाजले. नर्स म्हणाली, "चला आता, उद्या या. आणि हा पट काढा इथून, जेवण यायचंय."

ड्रायव्हरांची खेळी अजून व्हायची होती. चष्मेवाल्यांनी सवयीने खिशातून कोरं पाकीट काढलं, पेन काढलं आणि लिहायला घेतलं: पांढरा, राजा एफ-तीन.

ड्रायव्हरांचा डावा हात टेबलावरून सरकत आला आणि पाकिटावर पालथा पडला. चष्मेवाल्यांनी वर बघितलं. ड्रायव्हरांच्या तोंडाची हलती बाजू हसत होती.

"बरं बाबा," चष्मेवाले म्हणाले, "रस्ता पाठ आहे तुला."

त्यांनी पेन खिशात ठेवलं, आणि न लिहिताच मोहरी डब्यात भरली.